तीन वर्षं एकाच पदावर: मॅनेजरला पत्र लिहिताना नेमकं काय मागायचं

प्रश्न: नाशिकला अंबडमध्ये ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे, इनकमिंगला. डिप्लोमा मेकॅनिकल. या नोव्हेंबरात याच पदावर तीन वर्षं होतील. काम खूप वाढलंय. कोल्हापूरच्या फाउंड्रीकडेही मीच जाते; त्यांच्या कास्टिंगचं ब्लो-होलचं रिजेक्शन गेल्या वर्षी जुलैत ३.४ टक्के होतं, आता ऑक्टोबरात १ टक्क्यावर आलंय. पण पद तेच. सरांशी दोनदा बोलले, "बघू" म्हणाले. आता लेखी देणार आहे. सुरुवात अशी केलीय: "मी गेली तीन वर्षे एकाच पदावर प्रामाणिकपणे काम करत असून माझ्या पदोन्नतीचा विचार व्हावा ही नम्र विनंती." पुढे काय लिहू? आणि मार्चमध्ये अप्रेझल फॉर्मसोबत दिलं तर चालेल का?

उत्तर:

मार्चपर्यंत थांबू नका, आणि या पत्रात पदोन्नती मागू नका. चर्चेची वेळ मागा. पंचेचाळीस मिनिटं, ठरलेल्या दिवशी, आधी कळवलेल्या तीन प्रश्नांवर.

कारण साधं आहे. पदोन्नती तुमच्या सरांच्या हातात नाही. ते शिफारस करतात, प्लँट हेड आणि एचआर ती मान्य करतात, आणि त्याआधी ते पद मंजूर मनुष्यबळात असावं लागतं. पदोन्नतीच मागितली तर त्यांना हो म्हणता येत नाही, नाही म्हणायचं जिवावर येतं, मग तोंडातून "बघू" निघतं. चर्चेला वेळ देणं मात्र पूर्ण त्यांच्या हातात आहे. माझी बहुतेक नोकरी अंबड-सातपूरच्या कारखान्यांत क्वालिटीत गेली, आणि हेड झाल्यावर अशी पत्रं माझ्या टेबलावर यायची. ज्या पत्राला मी त्याच दिवशी उत्तर देऊ शकायचो, ते पत्र पुढे सरकायचं. बाकीची ड्रॉवरमध्ये राहायची.

वेळेचं असं आहे. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च चालतं. पुढच्या वर्षाचं बजेट, म्हणजे कुठल्या विभागात किती माणसं आणि कुठल्या ग्रेडची, हे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत बसवलं जातं. मार्चमध्ये अप्रेझलचा फॉर्म तुमच्या हातात येईपर्यंत पदांचा आकडा ठरून गेलेला असतो. तेव्हा रेटिंग वर-खाली होऊ शकतं, नवं पद सहसा निघत नाही. म्हणून पत्र नोव्हेंबरात द्या, दिवाळीची गडबड संपून लोक कामाला लागले की. पंचवीस तारखेनंतर देऊ नका, तेव्हा डिस्पॅचचं ओझं असतं. कस्टमरचं ऑडिट किंवा नुकतीच आलेली लाइन कम्प्लेंट असेल तर तो आठवडा जाऊ द्या.

आता तुमचं पहिलं वाक्य. "तीन वर्षे" आणि "प्रामाणिकपणे" या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यातून सरांच्या हाती काही लागत नाही. तीन वर्षं तुमच्याच शॉपमध्ये आणखी दहा-बारा जणांची झाली असतील. सरांना प्लँट हेडसमोर सांगायला लागतं ते वेगळं: ही मुलगी पहिल्या वर्षी काय करत नव्हती, जे आज करते?

तेव्हा पत्राला हात लावण्याआधी एक कागद घ्या. एका बाजूला रुजू झाल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांतलं काम लिहा, दुसऱ्या बाजूला गेल्या सहा महिन्यांतलं. मग दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक ओळीपुढे ठरवा, हे तेच काम जास्त झालंय की वेगळ्या जातीचं काम आहे. पूर्वी दिवसाला दहा लॉट तपासायचात आणि आता अठरा तपासता, तर ते तेच काम जास्त झालं. त्यावर माणूस वाढवून मागता येतो, वरचं पद नाही. पण सप्लायरचा एट-डी अहवाल वाचून, मूळ कारण पटलं नाही म्हणून परत पाठवणं, फाउंड्रीत जाऊन त्यांची प्रोसेस बघणं, नव्या इन्स्पेक्टरला ड्रॉइंग वाचायला शिकवणं, हे वरच्या पदाचं काम आहे. पत्रात फक्त हेच घ्या. आणि कागदाच्या दुसऱ्या बाजूला वेगळ्या जातीचं एकही काम निघालं नाही, तर पत्र वेगळं होईल: त्यात पदाबद्दल विचारायचं नाही, काम बदलून मागायचं. तुमच्या बाबतीत तसं नाही, हे तुम्ही लिहिलंय त्यावरूनच दिसतं.

यानंतर तुमच्या विभागात भिंतीवर लावलेला स्किल मॅट्रिक्स बघा. तुमची कंपनी ऑटोची आहे, म्हणजे आयएटीएफ १६९४९ असणारच असं मी धरतो. डावीकडे नावं, वर कामं, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ. एक भाग भरला म्हणजे काम माहीत आहे किंवा शिकतोय, चारही भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. मधल्या पायऱ्यांची व्याख्या खाली छापलेली असते. तुमच्या नावापुढची ओळ नीट वाचा. बऱ्याचदा असं दिसतं की माणूस दीड वर्ष सप्लायरकडे जातोय आणि "सप्लायर ऑडिट"च्या चौकटीत वर्तुळ रिकामंच आहे, कारण ते अपडेट कोणी केलं नाही. ऑडिटरपुढे जाणारी कंपनीची अधिकृत नोंद तीच आहे, आणि तिथे तुम्ही अजून पहिल्या वर्षातल्याच आहात.

त्यातही एक मुद्दा तुमच्या फार कामाचा आहे. सप्लायरचं ऑडिट करणाऱ्या माणसाची पात्रता काय असावी आणि ती कंपनीने दाखवून द्यावी, हे आयएटीएफ १६९४९:२०१६ च्या कलम ७.२.४ मध्ये सांगितलंय. ऑडिटची पद्धत, कोअर टूल्स, त्या प्रोसेसचा एफएमईए आणि कंट्रोल प्लॅन यांची समज त्यात अपेक्षित आहे. तुम्ही आज फाउंड्रीत जाता ती भेट आहे, ऑडिट नाही. भेटीतून अधिकृत ऑडिटर होणं ही तुमच्यासाठी पुढची खरी पायरी आहे, आणि ती मागताना तुम्ही कंपनीचीही एक गरज भरून काढताय. ट्रेनिंगसाठी पैसे मंजूर करून घ्यायला सरांना याहून भक्कम आधार मिळणार नाही.

आता ३.४ वरून १ टक्का. पत्राचा सगळा भार या आकड्यावर पडणार, म्हणून तो आधी स्वतःच ठोकून बघा.

जुलैची तुलना ऑक्टोबरशी करू नका. पावसाळ्यात बनवून ठेवलेले कोअर ओल धरतात, धातू ओतला की त्या ओलीची वाफ होते, आणि वायूला बाहेर पडायला जागा मिळाली नाही की ब्लो-होल येतात. पाऊस सरला की रिजेक्शन आपोआपही उतरतं. अनुभवी मॅनेजर हे पहिल्याच मिनिटाला विचारेल, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल तर बाकीचं पानही त्याच्या नजरेतून उतरेल. गेल्या वर्षीचे जून ते सप्टेंबर आणि या वर्षीचे जून ते सप्टेंबर समोरासमोर ठेवा.

टक्केवारी काढताना लॉटच्या टक्क्यांची सरासरी घेऊ नका. २०० नगांच्या लॉटमध्ये १२ खराब निघाले तर ते ६ टक्के, २००० च्या लॉटमध्ये २० निघाले तर १ टक्का. सरासरी साडेतीन येते, पण खरं रिजेक्शन २२०० मध्ये ३२, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. एकूण खराब नग भागिले एकूण नग, एवढाच हिशोब धरा.

आणि तिसरी गोष्ट, जी इनकमिंगची माणसं हमखास विसरतात: पृष्ठभागाखालचा ब्लो-होल इनकमिंगला दिसतच नाही. तो मशिनिंग झाल्यावर उघडा पडतो किंवा लीक टेस्टला सापडतो. तुमचं रिजेक्शन उतरलं आणि मशीन शॉपचं "कास्टिंग डिफेक्ट" खात्यातलं रिजेक्शन तेवढंच राहिलं किंवा चढलं, तर सुधारणा अर्धीच आहे. मशीन शॉपकडून त्याच महिन्यांचा आकडा मागून घ्या आणि दोन्ही मिळून लिहा. तिकडचा आकडाही उतरला असेल तर तुमचं पान एकदम वजनदार होतं, कारण तिथे वाचलेल्या प्रत्येक नगामागे मशिनिंगचा खर्चही वाचलेला असतो.

हे झालं की पत्र. खालचे आकडे आणि तारखा मी नमुन्याला घातल्यात, तुमच्या रजिस्टरमधले घाला. सप्लायर क्वालिटीऐवजी तुमच्याकडे पदाचं नाव दुसरं असेल तर तेच वापरा. मेल इंग्रजीत जात असेल तरी आधी मराठीत लिहून मग उतरवा, म्हणजे ठरावीक ऑफिसी वाक्यं कमी येतात.

> विषय: पुढील जबाबदारीविषयी चर्चेसाठी ४५ मिनिटांची वेळ मिळावी
>
> आदरणीय सर,
>
> या महिन्यात इनकमिंग क्वालिटीत माझी तीन वर्षं पूर्ण होत आहेत. या काळात माझ्या कामाचं स्वरूप बदललं आहे. त्याबद्दल, आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत मी कोणत्या जबाबदारीसाठी तयार व्हावं याबद्दल, आपल्याशी बसून बोलायचं आहे.
>
> रुजू झाले तेव्हा आलेल्या लॉटची तपासणी आणि रिजेक्शनची नोंद हे माझं काम होतं. गेलं दीड वर्ष त्यासोबत कास्टिंग सप्लायरचे एट-डी अहवाल तपासून बंद करणं, फाउंड्रीत जाऊन प्रोसेस पाहणं आणि दोन नवीन इन्स्पेक्टरना ड्रॉइंग वाचन व गेजचा वापर शिकवणं ही कामंही मी करते.
>
> हाउसिंग कास्टिंगचं ब्लो-होलमुळे होणारं रिजेक्शन (इनकमिंग आणि मशीन शॉप मिळून) गेल्या वर्षी जून ते सप्टेंबरमध्ये ३.१ टक्के होतं. या वर्षी त्याच चार महिन्यांत ते १.३ टक्के आहे. कोअर साठवण्याच्या पद्धतीतला बदल फाउंड्रीने केला. कारण शोधणं आणि दर महिन्याची पडताळणी माझ्याकडे होती. एक पानाचा तपशील सोबत जोडला आहे.
>
> चर्चेत मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत:
>
> १. सीनियर इंजिनिअर, सप्लायर क्वालिटी या पदासाठी आपल्या विभागात काय काय यायला हवं, आणि त्यातलं आज माझ्याकडे काय कमी आहे?
>
> २. ती कमी भरून काढण्यासाठी येत्या वर्षात मला कोणतं काम आणि कोणतं ट्रेनिंग देता येईल? सप्लायर ऑडिटरची पात्रता मिळवण्याची माझी तयारी आहे.
>
> ३. असं पद पुढच्या आर्थिक वर्षाच्या मनुष्यबळात धरलेलं आहे का? नसेल तर त्याचा विचार केव्हा होऊ शकतो?
>
> पगारवाढीचा विषय या चर्चेत नाही, तो अप्रेझलच्या वेळी घेऊ.
>
> १८ किंवा १९ नोव्हेंबरला दुपारी ३ नंतर आपल्याला जमेल का? बोलणं झाल्यावर ठरलेले मुद्दे मी लिहून आपल्याकडे पाठवीन.
>
> आपली विश्वासू,

यातल्या काही ओळी मुद्दाम तशा आहेत. "बदल फाउंड्रीने केला" हे वाक्य काढू नका. सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं तर सर, ज्यांना खरी गोष्ट ठाऊक आहे, ते मनातून तुमचे बाकीचे आकडेही कापतात. आपला वाटा नेमका सांगितला की तो पुरा मोजला जातो. पगाराची ओळही ठेवा. अशा पत्राचा विषय वाचताच मॅनेजरला वाटतं, ही पैसे मागणार किंवा राजीनामा देणार. ती भीती आधीच गेली की तो मोकळेपणाने बोलतो. याचा अर्थ पगार सोडून दिला असा नाही. पद आणि पैसा एकाच बैठकीत आले की बोलणं पैशावर जातं आणि पदाचं राहून जातं, एवढंच.

जे पत्रात नाही, तेही मुद्दाम नाही. बरोबर लागलेल्या कुणाला बढती मिळाली याचा उल्लेख नको. एचआरला सीसी नको, निदान पहिल्या पत्रात तरी. सरांना ते तक्रारीसारखं वाटेल आणि ते सावध होऊन उत्तर देतील. बाहेरून ऑफर आली असेल तर तीही इथे नको.

पत्र मेलने द्या, पण पाठवल्यावर शॉपमध्ये भेटून एक वाक्य बोला: "सर, एक मेल टाकलाय, सवडीने बघा." आठवड्यात काही आलं नाही तर त्याच मेलखाली नव्या दोन तारखा द्या. त्यानंतरही आठवडा गेला तर समोर बसून स्पष्ट विचारा. तरीही वेळ मिळाली नाही, तरच एचआरकडे जा, आणि जाण्याआधी सरांना सांगून जा.

बैठकीत पुन्हा "बघू" ऐकू येईल, त्याची तयारी ठेवा. तेव्हा गप्प बसू नका आणि वादही घालू नका. विचारा, "सर, हे कशावर अवलंबून आहे?" उत्तर तीनपैकी एक येतं.

"जागा नाही" असं असेल तर प्रश्न तुमचा नाही, आराखड्याचा आहे. मग विचारा की ती जागा या बजेटमध्ये मागता येईल का, आणि त्यासाठी सरांना कुठले आकडे लागतील. तुमचं एक पान इथेच उपयोगी पडतं, कारण सर तेच पुढे नेऊ शकतात. वरची जागा नसेल तर आडवी हलण्याबद्दलही विचारा: कस्टमर क्वालिटी किंवा नवीन पार्ट डेव्हलपमेंट. तिथे एक वर्ष पीपॅपच्या फायली हाताळल्यात तर सप्लायर क्वालिटीच्या पदावर तुमचा दावा पक्का होतो.

"अजून थोडं तयार व्हायला हवं" असं असेल तर ते चांगलं उत्तर आहे, फक्त अर्धं आहे. "थोडं म्हणजे काय" हे कामाच्या नावानिशी काढून घ्या. "लीडरशिप वाढव" हे उत्तर मोजता येत नाही. "मार्चपर्यंत दोन सप्लायरचं ऑडिट सीनियरसोबत कर, तिसरं स्वतः कर, आणि निघालेल्या त्रुटी बंद करून दाखव" हे मोजता येतं. सर पहिल्या प्रकारचं बोलले तर दुसऱ्या प्रकारचं वाक्य तुम्हीच समोर ठेवा आणि विचारा, "एवढं केलं तर चालेल का?"

तिसरं उत्तर बोलून दाखवलं जात नाही. सर इकडेतिकडे बोलत राहिले, तुमच्या एकाही प्रश्नावर टेकले नाहीत, तर त्यांनी याचा विचारच केलेला नाही असं समजा. यात राग मानण्यासारखं काही नाही, तीस माणसांच्या विभागात असं होतं. तिथल्या तिथे दुसरी तारीख घ्या, पंधरा दिवसांच्या आतली, आणि स्किल मॅट्रिक्समधली तुमची ओळ त्यांच्याकडे ठेवून या. रिकामी वर्तुळं समोर असली की बोलणं जागेवर येतं.

त्याच संध्याकाळी मेल लिहा. "सर, आज वेळ दिल्याबद्दल आभार. माझ्या समजुतीप्रमाणे ठरलेले मुद्दे असे:" आणि खाली तीन-चार ओळी: कुठलं काम, कोण देणार, केव्हापर्यंत, आणि पुन्हा कधी बसायचं. पुढची बैठक जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा, बजेटचे कागद सरांच्या टेबलावरून पुढे जायच्या आत. "काही राहिलं असेल तर दुरुस्त करावं" ही ओळ शेवटी असू द्या. सरांनी दुरुस्ती केली तर उत्तमच, त्यांनी तो कागद वाचला हे तरी कळतं. हा मेल जपून ठेवा. प्लँटमध्ये मॅनेजर बदलतात, आणि नवीन सरांना दाखवायला तोंडी शब्द उरत नाही. मार्चमध्ये अप्रेझल फॉर्म भरताना हेच मुद्दे आणि त्यांचं काय झालं ते त्यात उतरवा.

आणि स्पष्ट, लेखी "नाही" आलं तर? म्हणजे पुढची दोन वर्षं पद नाही, आडवी बदलीही नाही. तर सातपूर, गोंदे, सिन्नर या पट्ट्यात शोध सुरू करायला हरकत नाही. सप्लायरकडे जाऊन कास्टिंगचं रिजेक्शन उतरवलेली इंजिनिअर ही या भागात मागणी असलेली व्यक्ती आहे. त्या वेळी बायोडेटात तुमचं तेच एक पान वापरा, पण फाउंड्रीचं नाव, पार्ट नंबर आणि कंपनीचे रिपोर्ट त्यात येऊ देऊ नका. चार महिन्यांची तुलना, दोन टक्केवाऱ्या आणि तुमचा वाटा एवढं पुरतं.